अडीच हजार की ९४०? : सॅलरी स्लिपच्या तक्रारीचा मेल होताना

जुलैचा पगार जमा झाला त्या रात्री माझ्या भाचीने तिच्या रुग्णालयाच्या वेतन विभागातल्या सरांना व्हॉट्सॅपवर हे मेसेज पाठवले होते:

> सर पगार कमी आलाय माझा
> जवळजवळ अडीच हजार कमी आहेत!!
> सुट्टी मंजूर होती तरी २ दिवस कापलेत, हे काय आहे
> नाइट पण ८ केल्या आणि पैसे ५ चेच
> पीटी पण कापलाय, लेडीजना नसतो ना तो
> दर महिन्याला काहीतरी गोंधळ असतोच तुमचा
> प्लीज बघा लवकर, १० तारखेला हप्ता आहे

सकाळी उत्तर आलं, "मॅडम, मेल करा." तिला ते झटकून टाकल्यासारखं वाटलं. मी बरीच वर्षं वेतन विभागाच्या टेबलामागे बसून काम केलं आहे, त्यामुळे मला ते उत्तर रास्त वाटलं. पगार झाल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत त्या माणसाच्या फोनवर असे पन्नास मेसेज येतात. कुणाचं नाव नंबरावर सेव्ह नसतं, कुणी स्लिपचा अर्धाच फोटो पाठवतं. शिवाय पगारात बदल करायचा तर त्याच्यामागे कागद लागतो. व्हॉट्सॅपचा मेसेज फाइलला लागत नाही आणि ऑडिटला दाखवता येत नाही.

भाची नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे. "मावशी, तूच लिहून दे ना मेल," असं म्हणत तिने फोन माझ्या हातात दिला. मी म्हटलं, लिहायचं नंतर बघू, आधी स्लिप उघड. या प्रकरणातलं बहुतेक काम त्या स्लिपवरच झालं. मेल शेवटी पंधरा-सोळा ओळींचा झाला.

मेसेजमध्ये नक्की काय म्हटलं होतं

सात मेसेजमधून राग आणि हप्ता बाजूला काढले तर चार विधानं उरतात. पगार अडीच हजाराने कमी आहे. मंजूर रजेचे दोन दिवस कापले आहेत. आठ नाइटपैकी पाचचेच पैसे आले आहेत. आणि व्यवसाय कर, म्हणजे पीटी, कापायला नको होता. चारही विधानं तिला खरी वाटत होती आणि ती खोटं बोलणारी मुलगी नाही. पण वेतन विभाग प्रत्येक विधान मस्टरशी, रजेच्या नोंदीशी आणि नियमाशी ताडून बघणार. ते आपणच आधी बघितलं तर मेल सरळ जातो.

तिच्या महिन्याच्या पगाराची रचना साधी आहे. मूळ वेतन १५,५०० रुपये, घरभाडे भत्ता ६,२०० आणि वाहतूक भत्ता ३,१००, मिळून २४,८००. नाइटला दर रात्री १५० रुपये वेगळे मिळतात. कपातीत पीएफ आणि पीटी एवढंच. पीएफ मूळ वेतनाच्या १२ टक्के, पण हे रुग्णालय तो १५,००० च्या मर्यादेपर्यंतच धरतं, म्हणून पूर्ण महिन्याला १,८०० रुपये जातात.

जुलैच्या स्लिपवर पगाराचे दिवस २९ दाखवले होते आणि एलओपी, म्हणजे बिनपगारी, २ दिवस. मूळ वेतन १४,५००, घरभाडे ५,८००, वाहतूक २,९००, नाइट भत्ता ७५०. एकूण २३,९५०. त्यातून पीएफ १,७४० आणि पीटी २००. हातात २२,०१०.

मी तिला आधी बँकेचा मेसेज काढायला लावला. बँकेत जमा झालेली रक्कमही २२,०१० होती. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, पण ती वगळू नये. स्लिपवरचा आकडा आणि बँकेतला आकडा वेगळा असेल तर प्रश्न पगाराच्या हिशेबाचा राहत नाही, तो पैसे पाठवण्याचा होतो आणि तो दुसऱ्याच माणसाला विचारावा लागतो.

अडीच हजार कशाच्या तुलनेत?

"कमी" म्हटलं की कशापेक्षा, हे ठरवावं लागतं. भाचीने तुलना जूनच्या पगाराशी केली होती. जूनमध्ये तिच्या हातात २४,३०० आले होते. म्हणजे फरक २,२९० चा. अडीच हजार हा रागातला गोल आकडा होता.

आता हा २,२९० कुठून आला, ते जुळवायला घेतलं. जूनमध्ये तिच्या दहा नाइट होत्या, त्याचे १,५००. जुलैच्या स्लिपवर पाच, त्याचे ७५०. इथेच ७५० चा फरक पडला. दोन दिवस बिनपगारी, त्याचे १,६००. बेरीज २,३५०. मग ६० रुपये जास्त का होताहेत? कारण मूळ वेतन कमी झाल्यामुळे पीएफही ६० रुपयांनी कमी कापला गेला. २,३५० वजा ६०, बरोबर २,२९०.

ही जुळणी झाल्यावर एक गोष्ट स्पष्ट झाली. या फरकात पीटीचा वाटा काहीच नव्हता, कारण तो जूनमध्येही कापला होता. पगार कमी होण्याचं कारण आणि पगारातली चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जूनशी तुलना केल्याने पहिली सापडते. दुसरी शोधायची तर "जुलैचा योग्य पगार किती असायला हवा होता" हा आकडा मांडावा लागतो, आणि मेलमध्येही तोच लागतो. "मागच्या महिन्यापेक्षा कमी" असं लिहिलं की समोरून "मागच्या महिन्यात नाइट जास्त होत्या" एवढंच उत्तर येतं आणि विषय तिथेच मिटवला जातो.

दोन दिवसांची रजा

तिने १४ आणि १५ जुलैला सुट्टी घेतली होती. इन्चार्ज मॅडमनी व्हॉट्सॅपवर "ठीक आहे" लिहिलं होतं. तिच्या लेखी सुट्टी मंजूर. रजेच्या पोर्टलवर बघितलं तर अर्ज ११ जुलैचा होता, मंजुरीची तारीख मात्र २८ जुलै. आणि अर्ज भरला त्या दिवशी तिच्या खात्यावर किरकोळ रजा, म्हणजे सीएल, एकच शिल्लक होती.

म्हणजे सगळं व्यवस्थित झालं असतं तरी एक दिवस सीएलमध्ये आणि एक दिवस बिनपगारी असंच झालं असतं. सुट्टीला परवानगी असणं आणि सुट्टीचा पगार मिळणं यात फरक आहे. मॅडमनी हो म्हटलं म्हणजे ती गैरहजर धरली जाणार नाही, एवढंच. शिल्लक रजा नसेल तर पगार कापलाच जातो. मी हे सांगितल्यावर भाची थोडी हिरमुसली. पण "दोन्ही दिवस परत द्या" असा मेल गेला असता तर वेतन विभागाने शिल्लक रजेचा आकडा समोर ठेवला असता, आणि बरोबर असलेल्या एका दिवसाकडेही संशयाने पाहिलं गेलं असतं.

दुसरा दिवस का कापला गेला, याचंही कारण तारखांमध्येच होतं. या रुग्णालयात हजेरी दर महिन्याच्या २५ तारखेला बंद होते, तसं स्लिपच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं आहे: हजेरी कालावधी २६ जून ते २५ जुलै. मंजुरी २८ ला झाली. २५ च्या रात्री सिस्टिमने हजेरी उचलली तेव्हा दोन्ही दिवस नामंजूर रजेचे दिसत होते, म्हणून दोन्ही एलओपीत गेले. कुणी मुद्दाम केलेलं नाही. मंजुरी उशिरा दिली गेली आणि सिस्टिम तोवर पुढे गेली होती. मेलमध्ये ही तारीख आली की वाचणाऱ्याला शोधत बसावं लागत नाही.

एका दिवसाचे किती, हेही सिद्ध करून ठेवावं. काही ठिकाणी महिन्याला ३० ने भागतात, काही ठिकाणी २६ ने, काही ठिकाणी त्या महिन्याच्या दिवसांनी. कुणाला विचारायची गरज नसते, स्लिपच सांगते. १५,५०० भागिले ३१ गुणिले २९ केलं की बरोबर १४,५०० येतात. म्हणजे इथे ३१ ने भागलं आहे. २४,८०० भागिले ३१, रोजचे ८००. तीसने भागून ८२६ रुपये ६७ पैसे मागितले असते तर मागणी आकड्यातच चुकली असती.

आणि ते साठ रुपये विसरायचे नाहीत. एक दिवस परत मिळाला की मूळ वेतन १५,००० होतं, त्यावर पीएफ १,८००. म्हणजे ८०० परत येताना पीएफचे ६० त्यातून जाणार आणि हातात ७४० येणार. हे पैसे बुडत नाहीत. ६० तिच्या पीएफ खात्यात जातात आणि मालकाचा हिस्साही तेवढाच वाढतो, त्यातला काही भाग पेन्शनकडे वळतो. पण मेलमध्ये ८०० मागून नंतर ७४० आले की माणसाला पुन्हा फसवल्यासारखं वाटतं आणि दुसरा मेल जातो. म्हणून पहिल्याच मेलमध्ये ७४० धरायचे.

आठ नाइट

ड्यूटी चार्टवर जुलैमध्ये तिच्या आठ नाइट होत्या. पाच २५ तारखेच्या आत आणि तीन २६, २७, २८ ला. हजेरी २५ ला बंद होते हे एकदा कळलं की कोडं सुटतं. त्या तीन नाइट ऑगस्टच्या पगारात येणार. पगारातून काही गेलेलं नाही.

भाचीचं म्हणणं होतं, "तरी लिहूया ना मावशी, विचारायला काय जातं?" इथे मी ठाम राहिले, आणि त्याचं कारण नुसत्या सभ्यतेपेक्षा मोठं होतं. पीटीचा प्रश्न नेमका या तीन नाइटवर टेकलेला होता.

पीटी

महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर नाही. त्याआधी ही मर्यादा १०,००० होती. २५,००० च्या वर गेलं की दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००. त्यामुळे "लेडीजना नसतो" हे अर्धंच खरं आहे. आणि पगार म्हणजे नुसता ठरलेला २४,८०० धरून चालत नाही, नियमित मिळणारे भत्तेही त्यात येतात. जूनमध्ये दहा नाइट धरून तिचा पगार २६,३०० झाला होता, तेव्हा २०० कापले ते बरोबर होते.

जुलैत काय? स्लिपवरचा एकूण पगार २३,९५०. मर्यादेच्या आत, मग पीटी नको. एक दिवस परत मिळाल्यावर २४,७५०. तरीही आत. पण याच मेलमध्ये तीन नाइटचे ४५० जुलैच्या पगारात मागितले असते तर एकूण २५,२०० झाले असते आणि २०० रुपये पीटी योग्यच ठरला असता. एकाच पत्रात ४५० मागायचे आणि २०० पण परत मागायचे, म्हणजे आपल्याच एका मागणीने दुसरी खोडायची. वेतन विभागातल्या माणसाला हे पहिल्या वाचनात दिसलं असतं. नाइट ऑगस्टच्या, हे मान्य केलं की पीटीची मागणी भक्कम होते.

म्हणून मी नेहमी सांगते, स्लिपमधला एक आकडा बदलला की खालच्या सगळ्या ओळी पुन्हा मांडून बघा. पीएफ, पीटी, काही जणांच्या बाबतीत ईएसआय, हे वरच्या ओळींवर अवलंबून असतात. तुटक तुटक तक्रारी लिहिल्या की हे नातं दिसत नाही.

हिशेब संपला तेव्हा अडीच हजारांचे ९४० झाले होते. रजेचे ७४० आणि पीटीचे २००.

पहिला मसुदा, जो पाठवला नाही

भाचीने मग स्वतः एक मसुदा लिहिला. तो असा सुरू होत होता:

> आदरणीय महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणास नम्र निवेदन करण्यात येते की, माझ्या जुलै महिन्याच्या वेतनामध्ये काही चुका झालेल्या आहेत असे निदर्शनास आलेले आहे. आपल्या मौल्यवान वेळेतून वेळ काढून त्रास देत असल्याबद्दल मी क्षमस्व आहे. तरी कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती.

व्हॉट्सॅपचा सूर गेला, पण त्याबरोबर माहितीही गेली. कोणत्या चुका, किती रुपये, कोणत्या तारखा, काहीच नाही. "योग्य ती कार्यवाही" म्हणजे काय, ते वाचणाऱ्याने ठरवायचं. खरं तर रागातल्या मेसेजमध्ये यापेक्षा जास्त आकडे होते. आणि माफी कशाची? पगाराबद्दल विचारणं हा त्रास नाही, त्या विभागाचं ते कामच आहे. अर्जाची जड भाषा वापरली की आदर दिसतो असं आपल्याला शाळेपासून वाटत आलं आहे. समोरच्याचं काम सोपं करून देणं हा खरा आदर आहे असं मला मनापासून वाटतं. त्याला स्लिप शोधावी लागू नये, मस्टर चाळावं लागू नये, आणि "नक्की काय हवंय?" असा उलट मेल लिहावा लागू नये.

पाठवलेला मेल असा होता. विषयाच्या ओळीत कर्मचारी क्रमांक आणि महिना मुद्दाम घातला, म्हणजे उघडण्याआधीच कुणाचं काय ते कळतं.

> विषय : जुलै वेतन – एलओपी १ दिवस व व्यवसाय कर तपासण्याबाबत (कर्मचारी क्र. …)
>
> नमस्कार सर,
>
> मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. जुलैच्या सॅलरी स्लिपमधल्या दोन नोंदी तपासून द्याव्यात, ही विनंती. काल व्हॉट्सॅपवर पाठवलेल्या मेसेजऐवजी कृपया हा मेल ग्राह्य धरावा.
>
> १. रजा : १४ आणि १५ जुलै हे दोन्ही दिवस एलओपी दाखवले आहेत. माझा अर्ज ११ जुलैचा आहे आणि त्या वेळी १ सीएल शिल्लक होती. पोर्टलवर मंजुरी २८ जुलैला, म्हणजे हजेरी बंद झाल्यानंतर झाली आहे. त्यामुळे १ दिवस सीएल आणि १ दिवस एलओपी असे व्हायला हवे, असे मला वाटते. १५ तारखेचा एलओपी मला मान्य आहे.
>
> २. व्यवसाय कर : जुलैचे एकूण वेतन २३,९५० रुपये आहे आणि वरील दुरुस्तीनंतर ते २४,७५० होते. महिलांसाठीच्या २५,००० रुपयांच्या मर्यादेत ते येत असूनही २०० रुपये कपात झाली आहे.
>
> माझ्या हिशेबाने फरक असा :
>
> | तपशील | स्लिपवर | दुरुस्तीनंतर |
> |---|---|---|
> | पगाराचे दिवस | २९ | ३० |
> | एकूण वेतन (नाइट भत्ता ७५० सह) | २३,९५० | २४,७५० |
> | पीएफ | १,७४० | १,८०० |
> | व्यवसाय कर | २०० | ० |
> | हातात | २२,०१० | २२,९५० |
>
> फरक ९४० रुपये. २६ ते २८ जुलैच्या ३ नाइट ऑगस्टच्या हजेरीत येतील असे धरून त्या यात घेतलेल्या नाहीत.
>
> माझ्या समजुतीत काही चुकत असेल तर कृपया सांगावे. हिशेब बरोबर असेल तर ही रक्कम ऑगस्टच्या पगारात मिळू शकेल का, ते कळवावे.
>
> सोबत : जुलैची स्लिप, पोर्टलवरील रजेच्या नोंदीचे चित्र.
>
> आपली,
> (नाव, कर्मचारी क्रमांक, विभाग)

मेल वेतन विभागाच्या पत्त्यावर गेला, प्रत इन्चार्ज मॅडमना. प्रत कुणाला द्यायची यावर आम्ही बराच वेळ बोललो. मंजुरी उशिरा मॅडमकडून झाली होती, आणि त्यांच्यामागे असा मेल जाणं बरं दिसलं नसतं. म्हणून भाचीने आधी त्यांना भेटून सांगितलं, "मॅडम, रजा २८ ला मंजूर झाली, त्यामुळे दोन्ही दिवस कापले गेलेत. मी वेतन विभागाला मेल करतेय, प्रत तुम्हाला ठेवते." मेलमध्येही "मॅडमनी उशीर केला" असं कुठे नाही, फक्त तारीख आहे. तारीख वाचून ज्याला जे कळायचं ते कळतं आणि कुणाचा अपमान होत नाही. प्रशासनाच्या वरच्या साहेबांना पहिल्याच मेलमध्ये प्रत घालायला मी नको म्हटलं. तसं केलं की खालचा माणूस हिशेब बघायचं सोडून स्वतःचा बचाव लिहायला लागतो. आठ दिवस उत्तर आलं नाही, तर त्याच मेलखाली आठवण करून देताना ती प्रत घालता येते.

"१५ तारखेचा एलओपी मला मान्य आहे" हे वाक्य भाचीला काढायचं होतं. माझ्या मते त्या मेलमधलं सगळ्यात उपयोगाचं वाक्य तेच होतं. जे आपल्या विरुद्ध आहे ते आपणच मान्य केलं की बाकीच्या मागण्या वाचताना समोरच्याचा हात आखडत नाही.

हप्त्याचा उल्लेख काढला. अडचण खरी होती, पण वेतन विभागाला मधल्या तारखेला ९४० रुपये वेगळे काढून देता येत नाहीत, ते पुढच्या पगारातच जातात. पूर्ण पगारच अडकला असता, किंवा दहा-बारा दिवस कापले गेले असते, तर मी हप्त्याची तारीख लिहून तातडीची अर्धी रक्कम मागायला सांगितलं असतं. "दर महिन्याला गोंधळ असतो" हेही काढलं. मागच्या महिन्यांच्या स्लिप आम्ही चाळल्या, त्यात असं काही सापडलं नाही. सापडलं असतं तर महिना आणि रक्कम देऊन वेगळा मुद्दा केला असता. बँक खाते क्रमांक आणि पॅन यांची इथे गरज नव्हती, म्हणून घातले नाहीत. असा मेल पुढे कितीजणांना पाठवला जाईल, ते आपल्या हातात नसतं.

उत्तर आणि ऑगस्टची स्लिप

चार दिवसांनी उत्तर आलं. एक दिवस सीएलमध्ये घेतला आहे, थकबाकी ऑगस्टमध्ये निघेल, पीएफ त्यावर वेगळा कापला जाईल, आणि जुलैचा पीटी ऑगस्टमध्ये समायोजित होईल. तीन नाइट ऑगस्टमध्येच आहेत, असंही त्यांनी स्वतःहून लिहिलं.

"समायोजित" या शब्दाने भाची पुन्हा बुचकळ्यात पडली. म्हणून ऑगस्टची स्लिप येण्याआधीच आम्ही ती कागदावर मांडून ठेवली. पूर्ण पगार २४,८००. नाइट २५ ऑगस्टपर्यंत सात, म्हणजे जुलैच्या उरलेल्या तीन आणि ऑगस्टच्या चार, त्याचे १,०५०. झाले २५,८५०. हा आकडा २५,००० च्या वर असल्याने ऑगस्टचा पीटी २०० लागणारच. जुलैचे २०० त्यातच वळते होणार. म्हणजे स्लिपवर "पीटी परत २००" अशी ओळ दिसणार नाही, पीटीच्या रकान्यात शून्य दिसेल. हे आधी माहीत नसतं तर "माझे दोनशे दिलेच नाहीत" असा मेसेज त्याच रात्री गेला असता.

स्लिप आली त्यात जुलै थकबाकी ८०० वेगळ्या ओळीत होती. एकूण २६,६५०. पीएफ १,८०० अधिक ६०, म्हणजे १,८६०. पीटी शून्य. हातात २४,७९०, आणि बँकेतही तेवढेच. थकबाकी नसती तर ऑगस्टचे २३,८५० आले असते. फरक बरोबर ९४०.

पोर्टलवर सीएलची शिल्लक एकवरून शून्य झाली आहे की नाही, तेही तिला बघायला लावलं. पगारात दिवस परत द्यायचा आणि रजेच्या खात्यातून तो वजा करायचा राहून गेला, तर पुढे वर्षअखेरीच्या हिशेबात तोच दिवस पुन्हा निघतो आणि मग कपात डिसेंबरच्या पगारातून होते. शिल्लक शून्य झालेली होती. तिने दोन्ही स्लिप आणि मेलची साखळी एकाच फोल्डरमध्ये ठेवली, आणि सरांना दोन ओळींचा मेल केला: "ऑगस्टच्या स्लिपमध्ये ९४० रुपयांचा फरक मिळाला. हा विषय माझ्याकडून पूर्ण झाला आहे. धन्यवाद."